उद्देशकलमातील बदल

उद्देशकलमातील बदल म्हणजे कंपनीच्या संस्थापन समयलेखात तिच्या व्यवसायाची व्याप्ती सांगणाऱ्या कलमात कायदेशीर मार्गाने केलेली दुरुस्ती होय. व्यवहारात मेमोरँडम म्हणून ओळखला जाणारा हा समयलेख कंपनीची सनद समजला जातो. कोणता व्यवसाय करण्यासाठी कंपनी जन्माला आली हे त्यातील उद्देशकलम सांगते, आणि त्या कक्षेबाहेरचा नवा व्यवसाय सुरू करायचा असल्यास आधी ते कलम बदलावे लागते. भारतात ही प्रक्रिया कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 13 अन्वये होते. भागधारकांचा विशेष ठराव, तो कंपनी निबंधकाकडे दाखल करणे आणि निबंधकाने त्याची नोंदणी करणे हे तिचे तीन टप्पे आहेत. यांपैकी शेवटचा टप्पा पुरा होईपर्यंत बदल अमलात येत नाही. प्रत्यक्षात बहुतेक घोटाळे याच गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

पार्श्वभूमी

कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती असल्याने तिचे सामर्थ्य समयलेखात लिहिले असेल तेवढेच, हे तत्त्व इंग्लंडमधील हाऊस ऑफ लॉर्ड्सने 1875 साली ॲशबरी रेल्वे कॅरेज कंपनी विरुद्ध रिश या खटल्यात पक्के केले. रेल्वेचे डबे व सामग्री बनविणाऱ्या या कंपनीने बेल्जियममध्ये लोहमार्ग बांधण्याच्या कामाचा करार केला होता. असे काम तिच्या उद्देशांत बसत नसल्याने करार मुळातच निरर्थक ठरला. सर्व भागधारकांनी एकमताने मान्यता दिली तरी तो जिवंत होऊ शकत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. अशा कृतीस शक्तिबाह्य कृती म्हणतात. भारतीय सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या प्रकरणात हेच तत्त्व लागू केले. एका विमा कंपनीने एका न्यासाला दिलेली 2 लाख रुपयांची देणगी उद्देशांबाहेरची ठरली आणि ती रक्कम भरून देण्याची जबाबदारी संचालकांवर आली. देणगीचा ठराव भागधारकांच्या सभेत संमत झालेला होता, तरीही संचालक सुटले नाहीत.

पूर्वी उद्देशकलम बदलणे आजच्याइतके सोपे नव्हते. कंपनी अधिनियम, 1956 च्या कलम 17 मध्ये ठरावीक कारणे दिलेली होती आणि त्यांपैकी एखादे लागू पडते हे दाखवून बदलाला मंजुरी घ्यावी लागे. सध्याच्या व्यवसायाशी सोयीने किंवा फायदेशीरपणे जोडता येईल असा व्यवसाय करणे हे त्यांपैकी एक कारण होते. प्रारंभी ही मंजुरी न्यायालय देत असे, 1974 च्या दुरुस्तीने ते काम कंपनी लॉ बोर्डाकडे गेले आणि 1996 च्या दुरुस्तीने उद्देशबदलापुरती ही अट रद्द झाली. न्यायालयीन मंजुरीच्या काळातील एक गाजलेले प्रकरण मुंबईचे आहे. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देण्याचा अधिकार समयलेखात घालून घ्यायचा होता आणि एका भागधारकाने त्यास हरकत घेतली. 1957 साली मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्या न्यायपीठाने कायदा आड येत नसल्याने बदल मान्य केला. मात्र अशा देणग्यांमुळे लोकशाहीला संभवणाऱ्या धोक्याची जाणीवही निकालात स्पष्टपणे करून दिली. मंजुरी नाकारली गेल्याचे जुने इंग्रजी उदाहरण सायकलस्वारांच्या एका पर्यटन मंडळाचे आहे. 1907 साली त्या मंडळाला मोटारस्वारांनाही सामावून घ्यायचे होते. पण मोटारींच्या उपद्रवापासून सायकलस्वारांचे रक्षण करणे हाच मंडळाचा एक उद्देश असल्याने न्यायालयाने तो बदल रोखला.

एकाच कंपनीने व्यवसायाची दिशा आमूलाग्र बदलल्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण विप्रोचे आहे. 1945 साली अमळनेर येथे खाद्यतेलासाठी स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी पुढे संगणक व्यवसायात शिरली आणि तिचे नावही बदलत गेले.

जुन्या समयलेखांतील ‘इतर उद्देश’

1956 च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या कंपन्यांच्या समयलेखात उद्देशांचे तीन भाग आढळतात: मुख्य उद्देश, त्यांना साहाय्यक किंवा आनुषंगिक उद्देश आणि इतर उद्देश. तिसऱ्या भागात हॉटेल, शेती, चित्रपट, वाहतूक अशी कल्पनेत येईल त्या धंद्यांची लांबलचक यादी घालून ठेवण्याची पद्धत होती. त्यांतील एखादा धंदा सुरू करायचा झाल्यास समयलेख बदलावा लागत नसे. भागधारकांचा विशेष ठराव आणि संचालकाचे घोषणापत्र एवढ्यावर काम भागे. 2013 च्या कायद्याने ही सोय उरली नाही. आता समयलेखात दोनच भाग असतात: ज्यांसाठी कंपनी स्थापन होते ते उद्देश आणि त्यांच्या पूर्तीसाठी आवश्यक अशा बाबी. त्यामुळे ‘आमच्या यादीत हा धंदा आधीच आहे’ अशा समजुतीवर विसंबणाऱ्या जुन्या कंपन्यांना उद्देशबदल करतानाच समयलेख नव्या कायद्याच्या नमुन्यात, म्हणजे अनुसूची एकमधील तक्ता ‘अ’ प्रमाणे, आणावा लागतो.

शिरगावचे उदाहरण

प्रक्रिया तपशिलात समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. पालघर तालुक्यातील शिरगाव येथे नोंदणीकृत कार्यालय आणि बोईसरजवळच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेली एक खासगी कंपनी कापड गिरण्यांच्या यंत्रांचे सुटे भाग बनवते. मागणी घटल्याने तिची एक शेड रिकामी आहे. शिरगावला लागूनच सातपाटी हे पापलेटसाठी प्रसिद्ध असलेले मासेमारी बंदर असल्याने त्या शेडमध्ये मासळीसाठी शीतगृह आणि बर्फाचा कारखाना काढावा असे संचालकांना वाटते. कंपनीचे अधिकृत भागभांडवल 50 लाख रुपये असून ते प्रत्येकी 100 रुपयांच्या 50,000 समभागांत पूर्ण भरलेले आहे. भागधारक पाच आहेत: अ कडे 20,000, ब कडे 14,000, क कडे 9,000, ड कडे 5,000 आणि इ कडे 2,000 समभाग.

येथे पहिला प्रश्न बदल खरोखर लागतो का हा आहे. समयलेखाच्या दुसऱ्या भागात ‘गोदामे बांधणे व भाड्याने देणे’ असे वाक्य असेल तर शीतगृह त्यात बसते असा युक्तिवाद होऊ शकतो. पण तो टिकत नाही. दुसऱ्या भागातील अधिकार पहिल्या भागातील व्यवसायासाठी वापरायचे असतात. सुट्या भागांसाठी गोदाम बांधणे त्यात बसते, दुसऱ्यांची मासळी पैसे घेऊन साठवणे हा स्वतंत्र व्यवसाय होय. कर्ज देणारी बँकही समयलेख वाचून हाच प्रश्न विचारते.

नव्या परिच्छेदाचा मसुदा

नवा उद्देश फार रुंद किंवा फार अरुंद शब्दांत लिहिणे ही दोन्ही टोके अडचणीची ठरतात. ‘सर्व प्रकारचे व्यापार व उद्योग करणे’ अशा शब्दांवर छाननीत हरकत येते, कारण त्यातून व्यवसाय कोणता हेच कळत नाही. उलट ‘सातपाटी येथील पापलेट साठवणे’ असे लिहिले तर उद्या कोळंबी किंवा चिकू साठवण्यासाठी पुन्हा ठराव करावा लागेल. उदाहरणातील कंपनीला पुढील मजकूर चालू शकेल:

‘मासळी व इतर सागरी उत्पादने, फळे, भाजीपाला आणि नाशवंत खाद्यपदार्थ यांच्या साठवणुकीसाठी शीतगृहे उभारणे, चालवणे व भाड्याने देणे, बर्फाचे उत्पादन व विक्री करणे, तसेच या पदार्थांची स्वच्छता, प्रतवारी, गोठवण, वेष्टन व वाहतूक करणे.’

हा परिच्छेद जुन्या उद्देशाच्या जागी घालायचा की त्याच्या पुढे जोडायचा हे ठरावात स्पष्ट असले पाहिजे. जुना व्यवसाय चालू राहणार असेल तर नवा परिच्छेद क्रमांक देऊन जोडला जातो. जुना परिच्छेद वगळला आणि यंत्रभागांच्या जुन्या मागण्या पुऱ्या करायच्या राहिल्या असतील, तर त्याच कामाचा अधिकार कंपनी गमावून बसते.

संचालक मंडळ आणि सभेची सूचना

प्रथम संचालक मंडळाची बैठक होते. तिची सूचना किमान 7 दिवस आधी दिली जाते. या बैठकीत बदलाचा मसुदा मान्य करून असाधारण सर्वसाधारण सभेची तारीख, वेळ आणि ठिकाण ठरते आणि सूचना पाठवण्याचा अधिकार एखाद्या संचालकाला किंवा कंपनी सचिवाला दिला जातो. सूचनेसोबत कलम 102 प्रमाणे स्पष्टीकरणात्मक निवेदन जोडावे लागते. नव्या धंद्याचे कारण, भांडवल कोठून येणार, आणि संचालकांचा किंवा त्यांच्या नातेवाइकांचा त्यात काही स्वतंत्र स्वार्थ आहे का, हे त्यात सांगितले पाहिजे. उदाहरणात ब च्या भावाच्या मासेमारी बोटी असतील आणि तोच शीतगृहाचा मोठा ग्राहक होणार असेल, तर ती गोष्ट येथेच उघड करायला हवी.

सभेसाठी 21 पूर्ण दिवसांची सूचना लागते आणि येथे हिशेब नेहमी चुकतो. सूचना मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस हे दोन्ही मोजले जात नाहीत. शिवाय सूचना टपालाने पाठवल्यास ती पाठवल्यानंतर 48 तासांनी पोहोचली असे धरले जाते. कंपनीने 8 एप्रिलला सूचना टपालात टाकली, तर ती 10 एप्रिलला मिळाली असे समजायचे. मग 11 एप्रिल ते 1 मे हे 21 पूर्ण दिवस होतात आणि सभा लवकरात लवकर 2 मे रोजी घेता येते. आठ अधिक एकवीस अशी बेरीज करून 29 एप्रिलला घेतलेली सभा सदोष ठरू शकते. कमी मुदतीची सूचना चालते, पण त्यासाठी मतदानाचा हक्क असलेल्या भागधारकांपैकी संख्येने बहुसंख्य आणि भरणा झालेल्या भागभांडवलाच्या किमान 95 टक्के हिश्श्याचे धारक यांची संमती लागते. आपल्या उदाहरणात क किंवा ड यांच्यापैकी एकाने नकार दिला तरी ही टक्केवारी गाठता येत नाही. एकट्या इ चा नकार मात्र आड येत नाही, कारण त्याच्याकडे फक्त 4 टक्के समभाग आहेत. खासगी कंपनीच्या नियमावलीत सभेविषयी वेगळी तरतूद असेल तर 2015 च्या शासकीय अधिसूचनेनुसार ती लागू होऊ शकते, म्हणून नियमावली आधी वाचणे सोयीचे असते.

मतांची मोजणी

विशेष ठराव म्हणजे तीन चतुर्थांश भागधारकांची संमती, असे ढोबळपणे म्हटले जाते. ते अचूक नाही. कलम 114 प्रमाणे ठरावाच्या बाजूने पडलेली मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. जे गैरहजर राहिले किंवा तटस्थ राहिले त्यांची मते हिशेबात येत नाहीत.

समभागांनुसार मतदान झाले असे धरू. अ, ब आणि इ बाजूने आहेत, म्हणजे 36,000 मते. क विरोधात आहे, 9,000 मते. ड तटस्थ आहे. 9,000 ची तिप्पट 27,000 होते, त्यामुळे ठराव संमत. आता ड ने तटस्थता सोडून विरोधात मत दिले तर विरोधी मते 14,000 होतात आणि ठरावाला 42,000 मते लागतात. 36,000 मते म्हणजे 72 टक्के पाठिंबा असूनही ठराव फेटाळला जातो. हात वर करून मतदान झाल्यास प्रत्येक उपस्थित सभासदाला एकच मत असते, त्यामुळे निकाल वेगळा लागू शकतो: ब, क, ड आणि इ बाजूने व एकटा अ विरोधात असेल, तर 4 विरुद्ध 1 असा ठराव संमत होतो. समभागांनुसार मतदानाची मागणी करण्याइतका हिस्सा ज्याच्याकडे आहे अशा सभासदाला ती करता येते. एकूण मतदानशक्तीच्या एक दशांश एवढा हिस्सा त्यासाठी पुरतो. कारखानदार कुटुंबांच्या कंपन्यांत खरा वाद बहुधा येथेच होतो. जुन्या धंद्यात वाटा असलेला एखादा भाऊ नव्या जोखमीत पैसा घालू इच्छित नसतो आणि 25 टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा त्याला बदल अडवण्यास पुरेसा होतो.

ठरावाचा मजकूर साधारणपणे असा असतो: ‘कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 4 व 13 तसेच इतर लागू तरतुदींनुसार आणि कंपनी निबंधकाच्या नोंदणीस अधीन राहून, कंपनीच्या समयलेखातील उद्देशकलम 3(अ) मध्ये विद्यमान परिच्छेद 1 नंतर पुढील परिच्छेद 2 समाविष्ट करण्यास संमती देण्यात येत आहे.’ त्यापुढे नवा परिच्छेद शब्दशः येतो आणि शेवटी आवश्यक कागद दाखल करण्याचा अधिकार संचालकाला दिला जातो.

MGT-14 दाखल करणे

ठराव संमत झाल्यापासून 30 दिवसांत तो MGT-14 या प्रपत्राद्वारे केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दाखल करावा लागतो. 2 मे च्या ठरावासाठी अखेरचा दिवस 1 जून. सोबत ठरावाची प्रमाणित प्रत, सूचना व स्पष्टीकरणात्मक निवेदन, बदललेला संपूर्ण समयलेख आणि कमी मुदतीची सूचना असल्यास संमतिपत्रे जोडली जातात. 25 लाख ते 1 कोटी रुपयांच्या भागभांडवलासाठी नेहमीचे शुल्क 500 रुपये आहे. उशीर झाल्यास अतिरिक्त शुल्क लागते. पहिल्या 30 दिवसांच्या उशिरासाठी ते नेहमीच्या शुल्काच्या दुप्पट, म्हणजे या कंपनीसाठी आणखी 1,000 रुपये असते आणि पुढे 12 पटींपर्यंत वाढत जाते. शुल्क फारसे नसले तरी कलम 117 खाली कंपनीला 10,000 रुपये आणि पुढे दररोज 100 रुपये असा वेगळा दंड होऊ शकतो. संबंधित अधिकाऱ्यांना होणारा दंड याहून स्वतंत्र असतो.

2024 पासून या प्रपत्राची छाननी हरियाणातील मानेसर येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रात होते. त्रुटी आढळल्यास प्रपत्र दुरुस्तीसाठी परत येते आणि ते ठरावीक मुदतीत पुन्हा दाखल करावे लागते. नेहमी आढळणाऱ्या त्रुटी साध्याच असतात: निवेदन जोडलेले नसणे, समयलेख जुन्याच नमुन्यात ठेवणे, ठरावातील आणि समयलेखातील शब्दांत फरक असणे, किंवा ठरावाच्या तारखेशी सूचनेची मुदत न जुळणे. ठरावातील व समयलेखातील शब्द एकमेकांशी ताडून पाहणे हा त्यातील सर्वांत स्वस्त उपाय आहे. नवा उद्देश बँकिंग किंवा विमा यांसारखा असेल तर त्या क्षेत्राच्या नियामकाची मंजुरी आधी मागितली जाते.

नोंदणीचा परिणाम

कलम 13 प्रमाणे निबंधकाने ठराव दाखल झाल्यापासून 30 दिवसांत बदलाची नोंदणी करून प्रमाणपत्र द्यायचे असते, आणि नोंदणीपर्यंत बदलाला कोणताही परिणाम नसतो. समजा, कंपनीने 5 मे रोजी, म्हणजे ठरावानंतर तीन दिवसांनी, अमोनियावर चालणाऱ्या शीतयंत्रणेचा खरेदीकरार केला. त्या दिवशी तिच्या समयलेखात शीतगृहाचा शब्दही नव्हता. पुरवठादाराने यंत्रणा दिली आणि वाद झाला, तर करार शक्तिबाह्य असल्याचा मुद्दा कोणताही पक्ष पुढे करू शकतो. समयलेख सार्वजनिक दस्तऐवज असल्याने पुरवठादाराला तो माहीत होता असेच कायदा धरतो, त्यामुळे अज्ञानाची सबब त्यालाही उपयोगी पडत नाही. यावर उपाय म्हणजे नोंदणीनंतर करार करणे, किंवा उद्देशबदलाच्या नोंदणीनंतरच करार अमलात येईल अशी अट त्यात घालणे.

प्रमाणपत्र मिळाल्यानंतर कलम 15 प्रमाणे समयलेखाच्या प्रत्येक प्रतीत बदल नोंदवावा लागतो. मुख्य व्यवसायाचा औद्योगिक संकेतांक बदलल्यास कंपनीचा CIN हा एकवीस अक्षरांचा ओळखक्रमांकही बदलतो. तसे झाल्यास पत्रशीर्षके आणि देयके नव्याने छापावी लागतात.

सार्वजनिक कंपन्या

दोनशेहून अधिक सभासद असलेल्या कंपन्यांनी उद्देशबदलाचा ठराव टपाली मतदानाने घ्यावा, असा नियम आहे. मात्र ज्यांना इलेक्ट्रॉनिक मतदानाची सोय देणे बंधनकारक आहे त्या कंपन्या तो सर्वसाधारण सभेतही घेऊ शकतात. शिरगावच्या कंपनीला पाचच सभासद असल्याने टपाली मतदान लागू होत नाही. माहितीपत्रक काढून लोकांकडून पैसे उभारलेल्या आणि त्यांतील काही रक्कम अद्याप न वापरलेल्या कंपनीवर अधिक कडक बंधन आहे. तिला ठरावाचा तपशील नोंदणीकृत कार्यालय असलेल्या ठिकाणी प्रसार असलेल्या एका इंग्रजी व एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात आणि संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा लागतो. बदलाला विरोध करणाऱ्या भागधारकांना प्रवर्तकांनी आपले समभाग विकून बाहेर पडण्याची संधी द्यावी लागते. ज्याने कापड यंत्रांच्या धंद्यात पैसे गुंतवले त्याचे पैसे त्याच्या इच्छेविरुद्ध मासळीच्या धंद्यात जाऊ नयेत, हा या तरतुदीमागील हेतू आहे.

नाव आणि इतर परवानग्या

कंपनीच्या नावात यंत्रभागांचा उल्लेख असेल आणि नवा धंदाच मुख्य होणार असेल, तर नाव दिशाभूल करणारे ठरते. नावबदलासाठी स्वतंत्र विशेष ठराव, आधी नाव उपलब्ध असल्याची खात्री, INC-24 प्रपत्र आणि शासकीय मंजुरी लागते. दोन्ही ठराव एकाच सभेत घेता येतात.

उद्देशबदलाने कंपनीला व्यवसाय करण्याचा अधिकार मिळतो, परवाना मिळत नाही. तारापूरचा भूखंड महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने विशिष्ट उत्पादनासाठी भाडेपट्ट्याने दिलेला असतो, त्यामुळे शेडच्या नव्या वापराला महामंडळाची परवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र नव्या कामासाठी बदलून घ्यावे लागते. अमोनियाच्या वापरामुळे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा आणि खाद्यपदार्थांमुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा संबंध येतो. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतही नव्या सेवांची भर घालावी लागते. या अर्जांसोबत बहुधा समयलेखाची प्रत मागितली जात असल्याने नोंदणी झालेला नवा समयलेख हाती आल्यावरच ते दाखल करणे व्यवहार्य ठरते.